फंडात ७८ लाख, मग नफा किती?

प्रश्न साधारण असा येतो: 'एका आयुर्विमा कंपनीचा लाइफ फंड ८० लाख रुपये आहे. व्हॅल्युएशननुसार नेट लायबिलिटी ६२ लाख. मधल्या काळात ४ लाखांचा इंटरिम बोनस दिलेला आहे. व्हॅल्युएशन बॅलन्स शीट तयार करा आणि सरप्लसची वाटणी दाखवा.' खाली दोन-तीन अॅडजस्टमेंट्स असतात. इन्शुरन्स अकाउंट्सच्या पेपरातला हा ठरलेला पाहुणा.

गणित म्हणाल तर नुसती बेरीज-वजाबाकी. तरी इंटरिम बोनसपाशी आलं की पेन थांबतं. तो मिळवायचा की वजा करायचा? उत्तर आहे, दोन्ही करायचं, पण दोन वेगळ्या जागी. हे पाठ करून लक्षात राहत नाही. तो पैसा कुणाचा आहे हे कळलं, की पाठ करायची गरजच उरत नाही.

शिल्लक दिसते, पण ती आपली नव्हे

कपड्याच्या दुकानदाराने शर्ट विकला, पैसे घेतले, व्यवहार संपला. वर्षाअखेरीस खर्च वजा केला की नफा हातात. विमा कंपनीचं तसं नाही. ती आज हप्ता घेते आणि त्याबदल्यात वीस-पंचवीस वर्षं चालणारं वचन देते.

त्यात हप्ता दरवर्षी सारखाच असतो, मृत्यूची शक्यता मात्र वयाबरोबर वाढत जाते. म्हणजे तरुणपणी तुम्ही त्या वर्षीच्या जोखमीपेक्षा जास्त भरता आणि उतारवयात कमी. सुरुवातीचा हा जादा पैसा आणि मुदत संपल्यावर द्यायच्या रकमेसाठी बाजूला पडत गेलेला पैसा, दोन्ही फंडात साठतात. रेव्हेन्यू अकाउंटमध्ये एका बाजूला हप्ते आणि व्याज, दुसऱ्या बाजूला क्लेम, कमिशन, खर्च आणि दिलेला बोनस. शेवटी उरतो तो लाइफ फंड. त्यातला बराचसा भाग पुढच्या क्लेमसाठी राखलेला असतो. नुसता फंड बघून 'कंपनीला एवढा नफा झाला' म्हणणं म्हणजे मेसच्या काकांनी महिन्याच्या एक तारखेला जमा झालेले सगळे पैसे कमाई समजण्यासारखं आहे. तीस दिवस जेवण घालायचं अजून बाकी आहे!

मग नेमकं किती देणं बाकी आहे हे कोण सांगणार? ते काम अॅक्च्युअरीचं, म्हणजे विमागणितज्ज्ञाचं.

६२ लाख आले कुठून?

पेपरात नेट लायबिलिटी आयती दिलेली असते, त्यामुळे तिच्यामागे काय आहे हे बघायचं राहून जातं. समजा, एक पॉलिसी चालू आहे. तिच्यावर पुढे कधीतरी द्यावी लागणारी रक्कम आजच्या किमतीत ४०,००० रुपये होते. त्याच पॉलिसीधारकाकडून पुढे येणारे हप्ते आजच्या किमतीत २८,००० होतात. फरक १२,००० रुपये. पुढचे हप्ते ठरल्याप्रमाणे येत गेले, तरी वचन पाळायला कंपनीकडे आज एवढे पैसे असायलाच हवेत. ही त्या एका पॉलिसीची नेट लायबिलिटी. चालू असलेल्या सगळ्या पॉलिसींचा असा हिशोब केला की आपले ६२ लाख येतात.

'आजच्या किमतीत' हे शब्द सोडू नका, कारण सगळी मेख तिथे आहे. दहा वर्षांनी द्यायचा एक लाख रुपया आज केवढ्याचा? ८ टक्के व्याज धरलं तर ४६,३१९ रुपयांचा, ६ टक्के धरलं तर ५५,८३९ रुपयांचा. वचन तेच, कंपनी तीच, पण व्याजाचा अंदाज दोन टक्क्यांनी खाली आणला की आजचं देणं साडेनऊ हजारांनी वाढलं. म्हणजे सरप्लस हा तिजोरीत मोजून मिळणारा आकडा नाही. तो अॅक्च्युअरीच्या अंदाजांवर उभा असतो. अंदाज सढळ धरले तर सरप्लस फुगतो, सावध धरले तर आकसतो.

आधी फंड नीट करा

आता आपलं उदाहरण. समजा अॅडजस्टमेंट्स अशा आहेत: ४ लाखांचे क्लेम कळवले गेलेत पण हिशोबात घ्यायचे राहिलेत. त्यातले १ लाख रिइन्शुरन्स कंपनीकडून मिळणार आहेत. १ लाखाचे हप्ते येणे बाकी आहेत. आणि ५० हजारांचा बोनस हप्त्यातून वळता करून दिलाय, त्याची नोंद कुठेच नाही.

फंड ८० लाख. त्यातून क्लेमचे ४ लाख गेले, रिइन्शुरन्सचा १ लाख आणि येणे हप्त्यांचा १ लाख मिळाला. झाले ७८ लाख.

आणि ते ५० हजार? इथे अनेकांचा घोळ होतो. पॉलिसीधारकाला ५० हजार बोनस मिळाला, पण त्याने तो रोख न घेता तेवढा हप्ता कमी भरला. म्हणजे कंपनीने बोनस दिला आणि लगेच हप्ता म्हणून परत घेतला. दोन्ही नोंदी करायच्या, हप्त्यांत ५० हजार वाढवायचे आणि दिलेल्या बोनसमध्येही ५० हजार वाढवायचे. फंडावर परिणाम शून्य. एकच बाजू केलीत तर फंड ५० हजारांनी चुकतो आणि पुढची सगळी वाटणी त्याच्याबरोबर.

आता व्हॅल्युएशन बॅलन्स शीट. डाव्या बाजूला नेट लायबिलिटी ६२ लाख, उजव्या बाजूला लाइफ फंड ७८ लाख. डावीकडे कमी पडणारे १६ लाख म्हणजे सरप्लस. देणं फंडापेक्षा जास्त निघालं, तर तुटीचा आकडा उजवीकडे येतो, आणि मग वाटायला काहीच नसतं. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४९ नेमकं हेच सांगतं: व्हॅल्युएशनमध्ये सरप्लस दिसल्याशिवाय त्यातून ना भागधारकांना लाभांश, ना पॉलिसीधारकांना बोनस.

इंटरिम बोनस: एकदा मिळवा, एकदा वजा करा

व्हॅल्युएशन एका ठरलेल्या तारखेला होतं. पण लोकांच्या पॉलिसी त्या तारखेची वाट बघत नाहीत. कुणाची पॉलिसी दोन व्हॅल्युएशनच्या मधेच पूर्ण होते, कुणाचा मधेच मृत्यू होतो. त्या काळाचा बोनस अजून जाहीर झालेला नसतो. पण ज्याने इतकी वर्षं हप्ते भरले, त्याला त्या काळाच्या वाट्याविना कसं पाठवणार? म्हणून कंपनी एक हंगामी दर ठरवून बोनस देते. तोच इंटरिम बोनस. थोडक्यात, सरप्लस मोजण्याआधीच त्यातून दिलेली उचल.

ही उचल रेव्हेन्यू अकाउंटमध्ये खर्ची पडलेली असते, म्हणून फंड तेवढ्याने आधीच कमी झालेला आहे. या काळात कंपनीने खरं कमावलं किती? हातात उरलेले १६ लाख अधिक आधीच वाटलेले ४ लाख, म्हणजे २० लाख. म्हणून इथे मिळवायचा.

वाटणी या २० लाखांची. पॉलिसीधारकांना ९० टक्के धरले तर १८ लाख, भागधारकांना २ लाख. पण पॉलिसीधारकांपैकी काहींनी ४ लाख आधीच नेलेत. म्हणून आता द्यायचे १४ लाख. इथे वजा करायचा.

उत्तर बरोबर आहे का, हे पेपरातच तपासता येतं. आता वाटायचे १४ अधिक २, झाले १६ लाख. बॅलन्स शीटमधला सरप्लसही १६ लाख. जुळलं.

बोनस मिळवायला विसरलात तर? १६ लाखांचे ९० टक्के १४.४० लाख, भागधारकांना १.६० लाख. बेरीज १६ येते, म्हणून ही चूक पटकन दिसत नाही. पण पॉलिसीधारकांचे आधीचे ४ धरले तर त्यांना १८.४० लाख मिळाले, म्हणजे ९० ऐवजी ९२ टक्के. भागधारकांचे ४० हजार गेले. आणि वजा करायला विसरलात तर १८ अधिक २, म्हणजे २० लाख वाटायला निघालात आणि हातात आहेत १६. उरलेले ४ लाख कुठून आणणार? दुसऱ्यांच्या क्लेमसाठी राखलेल्या ६२ लाखांतूनच!

९५ की ९०?

जुन्या पुस्तकात ९५ टक्के, नव्यात ९०, आणि वर्गात वाद. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. विमा कंपन्यांच्या काही मालकांनी पॉलिसीधारकांच्या पैशाचा केलेला गैरवापर, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्याच वर्षीच्या एलआयसी कायद्याच्या कलम २८ मध्ये सरप्लसचा निदान ९५ टक्के वाटा पॉलिसीधारकांसाठी राखला गेला. २०११ च्या दुरुस्तीने तिथे ९० आलं. खासगी कंपन्यांच्या बोनस मिळणाऱ्या पॉलिसींनाही ९०:१० हेच प्रमाण लागू आहे.

२०२१ च्या बदलांनंतर एलआयसीचा फंड दोन भागांत वेगळा केला गेला. बोनस मिळणाऱ्या पॉलिसींचा एक आणि बोनस नसलेल्या, म्हणजे साध्या टर्म पॉलिसीसारख्या पॉलिसींचा दुसरा. दुसऱ्या फंडातला सरप्लस सगळाच भागधारकांचा. पेपरात मात्र प्रश्नात जो टक्का दिलाय तोच घ्या. दिला नसेल तर कोणता धरलात ते टीप म्हणून लिहा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. कंपन्या आज छापतात त्या हिशोबात लायबिलिटीमधला बदल रेव्हेन्यू अकाउंटमध्येच घेतात, त्यामुळे सरप्लस तिथेच दिसतो आणि न वाटलेला भाग 'फंड्स फॉर फ्यूचर अॅप्रोप्रिएशन्स' या नावाने पुढे जातो. मांडणी बदलली तरी प्रश्न तोच राहतो: फंडातून पुढचं देणं बाजूला काढल्यावर उरलं किती, आणि त्यातलं कोणी आधी नेलंय का?

घरी आई-बाबांची बोनसवाली पॉलिसी असेल तर तिची माहिती एकदा काढून बघा. दर हजार रुपये विमा रकमेमागे अमुक रुपये, असा बोनसचा दर दिसेल. आपल्या उदाहरणातले ते १४ लाख पॉलिसीधारकांपर्यंत पोहोचतात ते याच दराने.