पंचवीस टक्के, तीन वर्षांत

समाजकार्य शिकणाऱ्या मुलांचे संशोधन आराखडे दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात. त्यातल्या बऱ्याच शीर्षकांचा शेवट ठरलेला असतो: ‘एक चिकित्सक अभ्यास’. गेल्या वर्षी एका मुलीनं आणलेलं शीर्षक होतं, ‘आदिवासी भागातील बालमृत्यू : एक चिकित्सक अभ्यास’. विषय तिच्या जिव्हाळ्याचा होता, घरातही तिनं असा मृत्यू पाहिला होता. नेमकं काय शोधणार, असं विचारल्यावर ती म्हणाली, “बाळं का दगावतात, त्याची सगळी कारणं.” मी विचारलं, “आणि तुझं उत्तर चुकलं, तर ते तुला कशावरून कळेल?” त्यावर ती गप्प झाली. तिच्या प्रश्नाला चुकायला जागाच नव्हती. गरिबी, कुपोषण, अंधश्रद्धा, रस्ते नसणं यांतलं काहीही लिहिलं असतं तरी ते खरंच ठरलं असतं.

अशा प्रश्नाचं तपासता येईल असं एक वाक्य करायचं, त्याला आपण गृहीतक म्हणतो. हा मराठी शब्द जरा फसवा आहे. ‘गृहीत धरणं’ म्हणजे विचार न करता मान्य करणं, असं आपण रोज म्हणतो. संशोधनातलं गृहीतक मात्र नेमकं उलटं असतं. ते मान्य करण्यासाठी नव्हे, तर मोडून पाहण्यासाठी मांडलेलं असतं. त्या मुलीला मी गडचिरोलीचं उदाहरण दिलं, कारण तिचाच प्रश्न तिथे एका वाक्यापर्यंत पोहोचला होता.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोली जिल्ह्यात नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यामागचं गृहीतक मराठीत साधारण असं सांगता येईल: जंतुसंसर्गाच्या उपचारासह नवजात बाळाची काळजी घरीच घेतली, तर नवजात मृत्युदर तीन वर्षांत किमान २५ टक्क्यांनी कमी होईल. वाक्य एकच आहे, पण त्यातला एकेक शब्द ठरवताना काहीतरी सोडून द्यावं लागतं.

‘बाळ’ या शब्दापासूनच पाहा. बालमृत्यू म्हटलं की पाच वर्षांपर्यंतची मुलं, अर्भकमृत्यू म्हटलं की पहिलं वर्ष, आणि नवजात म्हटलं की जन्मापासूनचे पहिले २८ दिवस. दोन वर्षांचं मूल हगवणीनं जातं आणि दोन दिवसांचं बाळ श्वास न घेता आल्यानं जातं. या दोन दुःखांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. दोन्ही एकाच प्रश्नात कोंबली, तर उपाय कोणता करायचा हेच ठरत नाही. पहिल्या २८ दिवसांवर बोट ठेवल्याबरोबर बाकीची चार वर्षं अकरा महिने बाजूला राहिले. प्रश्न नेमका करणं म्हणजे बऱ्याच अंशी असं सोडून देणं, आणि माझ्या अनुभवात विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातं ते हेच.

‘का’ची जागा कृतीनं घेतली, हा दुसरा बदल. ‘बाळं का दगावतात’ या प्रश्नाला यादी हे उत्तर असतं. ‘अमुक केलं तर मृत्यू कमी होतील का’ या प्रश्नाला हो किंवा नाही हे उत्तर असतं. गडचिरोलीत ‘अमुक’ म्हणजे काय, तेही सांगितलेलं होतं. गावातच राहणारी, प्रशिक्षण घेतलेली आरोग्यदूत घरी जाईल. जन्मताच श्वास न घेणारं बाळ, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, अंग गार पडणं, अंगावर पिण्यातल्या अडचणी या सगळ्यांकडे ती पाहील. जंतुसंसर्ग झाला तर तो ती ओळखेल आणि औषधही देईल.

जंतुसंसर्ग ओळखायचा कसा, हे पुन्हा ठरवावं लागतं. खेड्यातल्या घरात रक्ततपासणी नसते. ‘बाळ आजारी वाटलं तर’ एवढंच लिहिलं, तर एका गावात रडकं बाळही आजारी ठरेल आणि दुसऱ्या गावात निपचित पडलेलंही शहाणं ठरेल. म्हणून डोळ्यांनी दिसणारी, हातानं मोजता येणारी लक्षणं लागतात. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण होणं, आधी नीट पिणाऱ्यानं पिणं सोडणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, बेंबीत पू होणं, श्वास घेताना छाती खोल आत ओढली जाणं. अशा लक्षणांपैकी एकाच वेळी किमान दोन दिसली, तर जंतुसंसर्ग समजायचा. ‘आधी’ हा शब्द मला या व्याख्येत फार मोलाचा वाटतो. बाळ आज कसं आहे याला अर्थ येतो तो कालच्या तुलनेत, आणि कालचं बाळ पाहिलेलं असतं ते पुन्हा पुन्हा घरी जाणाऱ्या बाईनंच.

आता आकडा. २५ टक्केच का, आणि तीन वर्षंच का? संशोधकांनी केलेलं गणित मी इथे देत नाही, पण एक ढोबळ हिशेब वाचकालाही करता येईल. प्रयोगाच्या ३९ गावांत वर्षाला हजार बाळं जन्मतात असं धरू. प्रयोगाआधी तिथे हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. पाच टक्के घट म्हणजे ६२ चे ५९. तीन मृत्यूंचा फरक एखाद्या सौम्य थंडीच्या वर्षातही पडेल. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाची चढउतार साधारण त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते, म्हणजे ६२ ला सुमारे आठ. २५ टक्के घट म्हणजे ६२ चे साधारण ४६, फरक १६ चा. पण दोन्ही आकडे डळमळतात, आणि दोन्हींची मिळून डळमळ दहाच्या आसपास येते. सोळा आणि दहा यांत फारसं अंतर नाही. एका वर्षावर विश्वास ठेवता येत नाही. तीन वर्षांची बेरीज केली, तर १८६ आणि १४० असे आकडे येतात. फरक ४६ चा आणि डळमळ सुमारे १८ ची. आता फरक डळमळीच्या अडीच पट झाला. गावं किती, वर्षं किती आणि घट किती, हे तिन्ही असे एकमेकांना बांधलेले असतात. त्यातलं एक कमी केलं, की दुसरं वाढवावं लागतं.

आकडा आधी बोलून ठेवण्यात धोकाही असतो, आणि तो पत्करायलाच हवा. समजा घट १५ टक्केच झाली असती. बाळं वाचली असती, आनंदच झाला असता, तरी वाक्य खोटं ठरलं असतं. निकाल पाहून झाल्यावर ‘लक्षणीय सुधारणा’ असं लिहिणाऱ्याला हा धोका कधीच नसतो. म्हणूनच त्याच्या लिहिण्याला वजनही नसतं.

पण मृत्यू कमी झाले तरी ते प्रयोगामुळेच झाले कशावरून? त्याच काळात रस्ता झाला असेल, पीक चांगलं आलं असेल, सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला असेल. म्हणून त्याच जिल्ह्यातली ४७ गावं तुलनेसाठी घेतली होती. १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं नव्या सेवेशिवाय नुसती मोजणी केली. तेव्हा दोन्हीकडचे दर ६२ आणि ५८, म्हणजे जवळपास सारखे निघाले. ही दोन वर्षं काही न करता मोजत बसणं सोपं नसतं, पण त्यांच्याशिवाय पुढचा कुठलाच आकडा बोलला नसता. शिवाय जन्ममृत्यूची नोंद आरोग्यदूतांनी केली नाही, ते काम वेगळ्या माणसांकडे होतं. जी बाई बाळाला वाचवायला धडपडते, तिनंच मृत्यू मोजले तर नकळतही एखादा निसटतो.

निसटण्याची एक वाट फार बारीक आहे. जन्मून एक-दोन श्वास घेतलेलं बाळ गेलं, तर घरचे ‘मेलेलंच जन्मलं’ असं सांगू शकतात. तसं लिहिलं की नवजात मृत्यू कागदावर एकनं कमी होतो, बाळ मात्र गेलेलंच असतं. यावर उपाय म्हणून मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र मोजायचे. मग लेबल इकडचं तिकडे केलं तरी बेरीज हलत नाही. गडचिरोलीत हाही दर मोजला होता.

१९९५ ते १९९८ काळजी दिली गेली. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत ती पोहोचली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांचा हिशेब धरून ही घट ६२.२ टक्के होती. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू यांचा एकत्रित दरही तुलनेनं ७१ टक्क्यांनी घटला, म्हणजे लेबल बदलल्यामुळे आकडा उतरला ही शंका टिकत नव्हती.

वाक्य टिकलं, पण त्यानं जे विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर मिळालं. काळजी अनेक गोष्टींची मिळून एक मोट होती. त्यातल्या औषधानं किती बाळं वाचवली, ऊब देण्यानं किती आणि नुसतं कुणी तरी रोज विचारपूस करण्यानं किती, हे या वाक्यातून कळत नाही. त्यासाठी निराळं वाक्य हवं. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हीही एक मर्यादा होती. पुढे बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगडमध्ये असेच प्रयोग झाले, तेव्हा तिथे ती भरून काढली गेली. मृत्यू तिथेही घटले. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

त्या मुलीकडे मात्र ३९ गावं नव्हती आणि तीन वर्षंही नव्हती. तिच्याकडे होते चार महिने आणि एक तालुका. तिथे तिला मृत्यूंचे आकडे इतके थोडे मिळाले असते, की त्यांतून काही सांगताच आलं नसतं. म्हणून मृत्यूऐवजी त्याच्या अलीकडची, दर घरात मोजता येणारी गोष्ट तिनं घेतली. तिसऱ्या फेरीला तिनं आणलेलं वाक्य असं होतं: ‘ज्या घरी आशाताईंची तिसऱ्या दिवसाची भेट झाली, तिथे पहिल्या सात दिवसांत आईच्या दुधाखेरीज काहीही न दिलेल्या बाळांचं प्रमाण, भेट न झालेल्या घरांपेक्षा शंभरात किमान वीसनं जास्त असेल.’ काहीही म्हणजे मध, गुळाचं पाणी, घुटी आणि साधं पाणीसुद्धा, हे तिनं खाली वेगळं लिहिलं होतं.

मी एकच शंका काढली. आशाताई पोहोचल्या ती घरं रस्त्याजवळची असतील, न पोहोचलेली टेकडीपलीकडची. मग फरक भेटीचा, की रस्त्याचा? दुसऱ्या दिवशी तिच्या प्रश्नावलीत एक रकाना वाढला होता: घरापासून डांबरी रस्ता, चालत किती मिनिटं.