फेसबुक सोडताना पत्ता मागे ठेवा

‘उद्यापासून मी इथं नाही, काळजी घ्या’ एवढं लिहून रातोरात फेसबुक सोडणारे बरेच असतात. महिनाभरानं शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, अरे, त्याचा नंबर आहे का कुणाकडे? नसतोच. निरोपाची पोस्ट वाचली ती त्या दिवशी फेसबुक उघडणाऱ्यांनी, आणि त्यातल्याही सगळ्यांनी नाही. कुणाची पोस्ट कुणाच्या भिंतीवर वर ठेवायची हे फेसबुकचं गणित ठरवतं. सहा महिने ज्याच्या फोटोला आपण लाईक केलेलं नाही, त्याच्यापर्यंत आपला निरोप पोचेलच असं नाही. आणि नंबर नेमका त्याचाच आपल्याकडे नसतो.

म्हणून निरोपाची पोस्ट जायच्या महिनाभर आधी टाकावी आणि दर आठवड्याला नव्यानं टाकावी. नाशिकच्या माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीनं लिहिलेली पोस्ट मला नमुना म्हणून आवडते:

‘मंडळी, ३० जूनला मी फेसबुकवरचं खातं कायमचं काढून टाकतेय. भांडण कुणाशी नाही, वेळ फार जातो एवढंच. संपर्कात राहायचं असेल त्यांनी मेसेंजरवर आपला फोन नंबर आणि ईमेल पाठवा, माझा मी तिथंच देईन. खाली कमेंटमध्ये नंबर लिहू नका. १ जुलैनंतर माझ्या नावानं कुणी पैसे मागितले, तर ती मी नव्हे.’

तारीख दिली की लोक हलतात. ‘लवकरच’ म्हटलं की कुणी हलत नाही. कारण एका वाक्यात उरकलंय तेही बरं झालं. माध्यमांच्या दुष्परिणामांवर चार परिच्छेद लिहिले असते, तर खाली वाद रंगला असता आणि नंबर राहिले असते बाजूला. शेवटचं वाक्य तर फारच उपयोगी. खातं गेल्यावर त्याच नावाचं, तोच फोटो लावलेलं खोटं खातं कुणीही उघडू शकतं, आणि त्याबद्दल मित्रांना सावध करायला आपण तिथं नसतो. पोस्ट टाकताना ती फक्त मित्रांना दिसेल की सगळ्या जगाला, हेही तपासून घ्यावं.

आता गाठ कुठं पडायची? बहुतेकांचं उत्तर व्हॉट्सअॅप. तिथं नवा ग्रुप काढला की त्याचं पुन्हा फेसबुकच होतं, सकाळच्या सुप्रभातापासून. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी. निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, उत्तर फक्त आपल्याला येतं. मात्र ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो निरोप मिळतो. तेव्हा नंबर देतानाच ‘सेव्ह कर’ असं सांगायला हवं. फेसबुकच्या कंपनीवरच राग असेल, तर व्हॉट्सअॅपही त्याच कंपनीचं, मेटाचं आहे. सिग्नल वेगळ्या संस्थेचं आहे, पण ते समोरच्यानंही घ्यावं लागतं आणि मावशी-काका घेतीलच असं नाही. ईमेल जुनाट वाटतं खरं, पण कुठल्याही कंपनीच्या ईमेलवरून कुठल्याही कंपनीच्या ईमेलवर पत्र जातं. परदेशातल्या मित्रांसाठी मला तेच भरवशाचं वाटतं.

जाण्याआधी सेटिंगमधून आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्यावी. फोटो, पोस्ट मिळतात. तयार व्हायला वेळ लागतो आणि डाउनलोडची लिंक थोडेच दिवस चालते. मित्रांची यादीही येते, पण त्यात नाव असतं आणि मैत्री कधी झाली ती तारीख. म्हणजे फोन नंबर मागूनच घ्यावे लागतात. एखाद्या पेजचे वा ग्रुपचे आपण एकटेच अॅडमिन असू, तर दुसऱ्या कुणाला अॅडमिन करून ठेवावं. ‘फेसबुकनं लॉगिन करा’ म्हणून जी इतर अॅप उघडली असतील, तिथं ईमेल आणि पासवर्ड लावून घ्यावा, नाहीतर दारं बाहेरून बंद होतात.

खातं तात्पुरतं बंद करणं आणि कायमचं काढणं यांत लोकांची गल्लत होते. तात्पुरतं बंद केलेलं खातं आपण पुन्हा लॉगिन केलं की जसंच्या तसं सुरू होतं, आणि मेसेंजर हवं तर तोवर चालू ठेवता येतं. कायमचं काढलं तर मेसेंजरही जातं. त्यातही विचार बदलायला ३० दिवस मिळतात. त्यानंतर मात्र खातं परत येत नाही. आपण मित्रांना पाठवलेले जुने संदेश त्यांच्याकडे तसेच राहतात.

माझ्या मैत्रिणीच्या पोस्टला जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर भराभर आले. पण गप्प बसून सगळं वाचणारी मंडळी गप्पच राहिली. मग तिनं मित्रयादी उघडली, खालपर्यंत वाचत गेली आणि ज्यांच्यावाचून चुकल्यासारखं वाटेल त्यांना एकेक करून स्वतःच मेसेज केला. बाकीची नावं तिनं सोडून दिली, आणि यादी वाटली होती त्यापेक्षा बरीच छोटी निघाली.