गळक्या छताचं भांडण

वरच्या घराच्या बाथरूममधून खालच्या छतावर ओल उतरली की बहुतेकदा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतात. ही तडजोड न्याय्य दिसते, पण गळती कुठून होते हेच न शोधल्याने पावसाळ्याआधीच डाग परत येतो.

केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी 1974 मध्ये दोन प्रश्न मांडले: स्वतःचं म्हणणं किती रेटायचं आणि समोरच्याचं किती जपायचं? पाणी विजेच्या तारांपाशी झिरपत असेल, तर रेटायलाच हवं. आवाज चढले असतील तर विषय उद्यावर टाळावा, महिनाभर नव्हे. कामाची वेळ ठरवताना पडतं घ्यायला हरकत नाही.

मूळ दुरुस्तीसाठी मात्र सहकार्यच हवं, वेळखाऊ असलं तरी. वरच्यांना फरशा फुटण्याची धास्ती, खालच्यांना गळती परतण्याची. म्हणून आधी नहाणीचं तोंड बंद करून पाणी साठवावं आणि दिवसभर खालून पाहावं. तेव्हा छत कोरडं राहिलं आणि पाणी सोडल्यावर ओलावलं, तर दोष बहुधा निचऱ्याच्या जोडात असतो. मग सगळी फरशी उखडावी लागत नाही. समोरचा चाचणीलाच नकार देत असेल, तर सोसायटीकडे लेखी तक्रार करावी.