छातीतली चमक : बोटाने दाखवता येते की मुठीने?



वस्तीत बी.पी. तपासायला बसलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "ताई, श्वास घेतला की छातीत चमक निघते. हार्टचं तर नसेल ना?" दुसरीकडे असेही लोक भेटतात, जे छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटत असताना "उसण भरली" म्हणून तेल चोळत बसतात. पहिल्यांची झोप उडते आणि पैसे जातात. दुसऱ्यांचा जीव जाऊ शकतो. म्हणून या वेळी छातीच्या भिंतीचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं यांतला फरक नीट समजून घेऊ.

आधी छातीची भिंत कशी बांधलेली आहे ते पाहू. आपल्याला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. मागे त्या मणक्याला जोडलेल्या असतात. पुढे, छातीच्या मधल्या हाडापर्यंत त्या हाडाच्या रूपात पोचत नाहीत. शेवटची काही बोटं अंतर कुर्चेचं असतं. कुर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्याला लागते तशी लवचिक, मऊ हाडासारखी वस्तू. ती लवचिक असते म्हणूनच श्वास घेताना पिंजरा फुगतो आणि सोडताना बसतो. आपण मिनिटाला साधारण १५ वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या वर. हात दुखला तर गळ्यात बांधून ठेवता येतो, बरगडीच्या सांध्याला तशी सुट्टी नसते. म्हणून या सांध्याला सूज-दाह झाला की प्रत्येक खोल श्वासाला, खोकल्याला, शिंकेला आणि कूस बदलताना कळ येते. डॉक्टर याला कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात. बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीचे सांधे दुखतात. दुखणं डाव्या बाजूला असलं की माणूस जास्त घाबरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, नांदेडच्या एका वस्तीतल्या ३६ वर्षांच्या ताई आहेत. चार घरची धुणीभांडी करतात. दहा दिवस खोकला झाला, त्यातच पाण्याचे हंडे उचलले. आता तीन दिवस डाव्या छातीत सुई टोचल्यासारखं दुखतं. जिना चढताना दुखणं वाढत नाही, पण पिळा मारून कपडे पिळताना वाढतं. घाम नाही, दम नाही. कुठे दुखतं विचारलं तर त्या एक बोट ठेवून सांगतात, "इथं, बरोबर इथंच."

अशा वेळी तपासणी कशी करतात ते सांगतो. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवायचं आणि छातीच्या मधल्या हाडावरून खाली सरकवायचं. साधारण चार बोटं खाली एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. तिथून हाडाच्या कडेकडेने एकेक बरगडी खाली जायचं आणि प्रत्येक सांध्यावर बोटाच्या पेराने बेताने दाबायचं. आधी न दुखणारी बाजू, मग दुखणारी. बाईमाणसाने हे स्वतःच्या हाताने करावं, किंवा आशाताई, नर्स यांच्याकडून करून घ्यावं.

इथे एक बारकी गोष्ट आहे. जोरात दाबलं तर कोणाचीही छाती थोडी दुखते, त्याला अर्थ नाही. दाबल्यावर "हीच ती कळ, जिच्यामुळे मी आले" असं माणूस म्हणाला, तरच ती खूण धरायची. आपल्या उदाहरणातल्या ताईंना डावीकडच्या चौथ्या बरगडीच्या सांध्यावर दाबताच तीच कळ येते, उजवीकडे येत नाही. डावा हात छातीवरून उजव्या खांद्याकडे ओढला तरी तीच कळ येते. त्या जागेवर डोळ्यांना दिसेल अशी गाठीसारखी सूज असेल, तर त्या प्रकाराला टीट्झचा आजार म्हणतात. जर्मन सर्जन अलेक्झांडर टीट्झ यांनी १९२१ साली त्याचं वर्णन केलं.

आता हृदयाचं दुखणं पाहू. कातडी, बरगडी, स्नायू यांच्या नसा मेंदूला नेमका पत्ता सांगतात. हृदयाच्या नसांना तसं सांगता येत नाही. त्यांचा निरोप छाती, हात, मान, जबडा यांच्या निरोपात मिसळून जातो. म्हणून हृदयाचा रोगी एक बोट ठेवत नाही. तो मूठ किंवा पूर्ण तळहात छातीच्या मध्यावर ठेवतो आणि म्हणतो, "दाबल्यासारखं होतंय", "आवळून धरलंय", "जळजळ होतेय". हे दुखणं डाव्या हातात, दोन्ही खांद्यांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जातं. श्वास रोखला किंवा कुशीवर वळलं म्हणून ते कमी-जास्त होत नाही. चढ चढताना, ओझं उचलताना, भरपेट जेवून चालताना ते येतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं. विश्रांती घेऊनही ते १५-२० मिनिटं टिकलं, सोबत गार घाम, दम, मळमळ, डोळ्यांसमोर अंधारी आली, तर हार्ट अटॅक समजूनच पळायचं.

मधुमेहाच्या रोग्यांना, वयस्करांना आणि बायकांना छातीत फारसं न दुखताही अटॅक येतो. नुसता दम, अचानक आलेला थकवा, उलटी, जबड्यात ओढ एवढंच असू शकतं. त्याला "गॅस झाला" म्हणून सोडा पाजत बसू नये.

आता दुसरं उदाहरण, कारण फसगत इथेच होते. समजा, लातूरच्या आडत बाजारात हमाली करणारे ५२ वर्षांचे काका आहेत. तंबाखू आहे, साखर आहे, गोळी कधी घेतात कधी नाही. सोयाबीनचा हंगाम, दिवसभर ५० किलोची पोती. संध्याकाळी छाती भरून आली. घरच्यांनी बरगडीवर दाबून पाहिलं, काका "दुखतं" म्हणाले. सगळ्यांनी निर्वाळा दिला, पोती उचलली म्हणून अंग भरलं. पण ज्याने दिवसभर पोती वाहिली, त्याची बरगडी दाबल्यावर दुखणारच. त्यावरून हृदय ठीक आहे हे कसं ठरणार? नीट विचारलं तर काका सांगतात की दाबल्यावर होतं ते दुखणं वेगळं आणि आतलं दडपण वेगळं. गेला आठवडाभर पोतं घेऊन फळी चढताना हेच दडपण यायचं आणि बसलं की जायचं. आज बसूनही गेलं नाही, आणि सदरा घामाने भिजला आहे.

एकाच माणसाला दोन्ही दुखणी एकाच वेळी असू शकतात. छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत आलेल्या रुग्णांची पाहणी झाली आहे. छाती दाबल्यावर दुखत होती अशांतही शंभरात पाच-सहा जणांना खरा हार्ट अटॅक निघाला होता. म्हणून आम्ही क्रम सांगतो. आधी वय, तंबाखू, बी.पी., साखर, घरात कोणाला कमी वयात अटॅक आला होता का, घाम, दम, आणि श्रमाने दुखणं वाढतं का, हे विचारा. यातलं काहीही खटकलं तर ईसीजी आधी. बोटाने दाबून पाहणं त्यानंतर.

काकांसारखी लक्षणं दिसली तर चालवत नेऊ नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. टेकवून बसवा आणि १०८ ला फोन करा, त्या गाडीत डॉक्टर असतो. ऍस्पिरिनची ३०० ची गोळी चावून खायला द्यायची का, हे फोनवरच विचारा. ऍस्पिरिनची ऍलर्जी असेल किंवा कुठून रक्त जात असेल तर ते आधी सांगा. दवाखान्यात ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं, थेट अपघात विभागात जाऊन "छातीत दुखतंय" एवढं मोठ्याने सांगा. अशा रुग्णाचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून उठून घरी येऊ नका. अटॅकच्या सुरुवातीला तो साधा दिसू शकतो. म्हणून डॉक्टर काही वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करतात, कधी तीन-सहा तासांनी दुसऱ्यांदा. तोवर थांबायचं.

श्वासाबरोबर कळ येते पण दाबून दुखत नाही, असंही होतं. तेव्हा फुफ्फुसाकडे बघावं लागतं. ताप-थंडी आणि खोकला असेल तर न्यूमोनिया असू शकतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असेल तर टी.बी.ची बेडका तपासणी करायची, ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर एक पाय सुजला आणि अचानक छातीत कळ येऊन दम लागला, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेलेली असू शकते. तेव्हाही १०८ च.

आता पहिल्या उदाहरणातल्या ताईंकडे येऊ. त्यांचं बी.पी., साखर ठीक, ईसीजी ठीक, ताप नाही, दाबल्यावर तीच कळ. त्यांना बरगडीच्या सांध्याचं दुखणं आहे. त्यासाठी सलाइन लागत नाही, ताकदीचं इंजेक्शन लागत नाही, डाग देणं किंवा उसण उतरवून घेणं तर नाहीच. दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं कोमट शेक घ्यावा. दोनेक आठवडे हंडा, पिळे, जड ओझं टाळावं, किंवा हंडा अर्धा भरून दोन खेपा कराव्यात. खोकल्यावर उपचार घ्यावा आणि खोकताना उशी छातीशी धरावी. छाती घट्ट बांधू नये, त्याने श्वास उथळ होतो. दुखलं तर पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसात चारच्या वर नाही. दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारावं. दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मागून घेऊ नये. अल्सर, किडनीचा किंवा हृदयाचा आजार आणि गरोदरपण यांत त्या गोळ्या घातक ठरतात.

हे दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं, काहींचं दोन-तीन महिने रेंगाळतं. मध्ये एखाद्या जड कामाने परत डोकं काढतं, तेव्हा तोच शेक आणि तीच विश्रांती. मात्र एकदा "बरगडीचं आहे" असं ठरलं म्हणून पुढचं प्रत्येक दुखणं बरगडीचंच, असं धरून चालू नका. दुखण्याची जात बदलली, चालताना येऊ लागलं, घाम किंवा दम सोबत आला, तर जुना कागद बाजूला ठेवून नव्याने तपासून घ्या.