आधीची शिक्षा कोर्टात कधी मोजली जाते?

‘सराईत चोरटा जेरबंद, विविध पोलीस ठाण्यांत चौदा गुन्हे दाखल.’ अशी बातमी वाचली की आता याची काही सुटका नाही, असे कुणालाही वाटते. पण तोच माणूस कोर्टात दोषी ठरतो आणि शिक्षेची वेळ येते, तेव्हा वाढीव शिक्षेच्या कलमांपुरती या चौदा गुन्ह्यांची बेरीज पुष्कळदा शून्य भरते. दाखल गुन्हा म्हणजे पोलिसांकडे झालेली नोंद. जामीन नाकारताना किंवा तडीपारीचा प्रस्ताव करताना तिचा विचार होतो. मोक्का लावतानाही मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रांची कोर्टाने दखल घेतलेली असली की पुरते. आधीच्या गुन्ह्यामुळे नव्या गुन्ह्याची शिक्षा वाढवायची असेल, तर मात्र कोर्टाने दोषी ठरवल्याचा निकाल लागतो, आणि तो अपिलात टिकलेला असावा लागतो.

समजा, आठवडी बाजारात एकाच्या खिशातून चार हजारांचा मोबाईल चोरीला गेला आणि चोर सापडला. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये याची शिक्षा सांगितली आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. चोर पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल, वस्तू पाच हजारांपेक्षा कमी किमतीची असेल आणि ती किंवा तिची किंमत परत मिळाली असेल, तर त्याला तुरुंगात न पाठवता समाजसेवेची शिक्षा द्यायची, असे हेच कलम सांगते. पुढच्या वर्षी हाच माणूस त्याच बाजारात तसाच मोबाईल चोरताना सापडला आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर त्याच कलमानुसार त्याला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी होते. शिवाय दंडही भरावा लागतो. मोबाईल तेवढ्याच किमतीचा आणि चोरीही तशीच, पण शिक्षेत समाजसेवा आणि सक्तमजुरी एवढा फरक पडला.

याच्याही वरचे एक कलम आहे. जुन्या दंड संहितेत ते ७५ वे होते, नव्या संहितेत १३ वे आहे. नाणी, नोटा, मुद्रांक आणि मालमत्ता यांविषयीच्या, तीन वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेच्या गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेल्या माणसाने पुन्हा त्याच गटातला गुन्हा केला, तर कमाल शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत जाते. हे कलम किमान शिक्षा ठरवत नाही, फक्त वरची मर्यादा उचलते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. म्हणून तेवढी शिक्षा अपुरी वाटली, तर असा आरोपी मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा सत्र न्यायालयाकडे पाठवण्याची सोय कायद्यात आहे.

हे सगळे आपोआप होत नाही. आधी कधी आणि कोणत्या कोर्टाने शिक्षा दिली, हे दोषारोपातच लिहावे लागते. तिथे राहून गेले, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी त्याची भर घालता येते, नंतर नाही. आणि लिहिलेले असले तरी खटला चालू असताना तो भाग आरोपीला वाचून दाखवायचा नसतो, त्यावर त्याचा जबाबही घ्यायचा नसतो. नव्या गुन्ह्यात तो दोषी ठरला की मगच ‘आधीची शिक्षा मान्य आहे का?’ असे विचारले जाते. ही रचना मोलाची आहे. पूर्वी चोरी केली म्हणून ही चोरीही यानेच केली असणार, असे मानायला कुणालाही वेळ लागत नाही. म्हणून जुनी शिक्षा गुन्हा सिद्ध होईपर्यंत बाजूला ठेवायची आणि शिक्षा ठरवतानाच पुढे आणायची.

आरोपीने कानावर हात ठेवले, की पुरावा द्यावा लागतो. आधीच्या निकालाची प्रमाणित नक्कल किंवा तुरुंगाधिकाऱ्यांचा दाखला चालतो. पण त्या कागदातला माणूस आणि पिंजऱ्यातला माणूस एकच आहे, हेही दाखवावे लागते, आणि गाडी बहुधा इथेच अडते. जुन्या निकालात नाव एक, आताच्या आरोपपत्रात दुसरे, वडिलांच्या नावात एखाद्या अक्षराचा फरक, पत्ता बदललेला, ओळखणारा हवालदार निवृत्त झालेला. हाच पेच सोडवायला १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उभे राहिले. नाव बदलणारा जुना गुन्हेगार ठशांवरून ओळखता यावा म्हणून अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाची पद्धत बसवली. २०२२ पासून देशभरातले ठसे ‘नाफिस’ या संगणकीय प्रणालीत एकत्र येत आहेत. मात्र ठसा जुळला तरी निकालाची नक्कल कुणीतरी मागवून कोर्टात दाखल करावीच लागते. ती आली नाही, तर दहाव्यांदा पकडलेला चोरही कागदावर पहिलटकरच राहतो.

आधीचा निकाल नेमका किती ‘आधीचा’ हवा, हा प्रश्न मुंबईच्या शक्ती मिल खटल्यात जीवनमरणाचा झाला. बंद पडलेल्या या गिरणीच्या आवारात ३१ जुलै २०१३ रोजी एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर आणि २२ ऑगस्टला एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तीन आरोपी दोन्ही प्रकरणांत होते. २० मार्च २०१४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही खटल्यांत दोषी ठरवले. पहिल्या प्रकरणात जन्मठेप झाल्यावर सरकार पक्षाने दुसऱ्या प्रकरणात कलम ‘३७६ ई’चा दोषारोप वाढवून मागितला. बलात्काराच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी देणारे हे कलम वर्षभरापूर्वीच कायद्यात आले होते. ४ एप्रिलला तिघांना फाशी झाली.

इथे दोन कलमांच्या शब्दरचनेतला फरक पाहायला हवा. नव्या संहितेच्या १३ व्या कलमात आधी दोषी ठरलेल्याने नंतर गुन्हा करावा लागतो. म्हणजे एकदा शिक्षेचा इशारा मिळूनही तो सुधारला नाही, असा क्रम आहे. ‘३७६ ई’मध्ये आधी दोषी ठरणे आणि नंतर दोषी ठरणे एवढेच आहे. शक्ती मिलमधला दुसरा गुन्हा घडला तेव्हा पहिल्याचा निकाल अस्तित्वातच नव्हता. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनेला धरून असल्याचे सांगितले. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने फाशी रद्द करून तिघांना मरेपर्यंत जन्मठेप दिली, पॅरोल आणि फर्लोशिवाय. त्या दोन तरुणींवर जे ओढवले त्याला इतकी कठोर शिक्षा योग्यच होती. पण फाशीसारखी न फिरवता येणारी शिक्षा एकाच दिवशी लागलेल्या दोन निकालांच्या क्रमावर उभी करणे धोक्याचेच होते.

निकालाचाच आग्रह धरण्याला या राज्यात आणखी एक कारण आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवले. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले जाई. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा संपला, पण त्याची जागा राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. १९५९ चा मुंबईचा कायदा त्यांतलाच. या कायद्यांत जन्माऐवजी शिक्षा मोजल्या जातात. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत मात्र जमातीवरून, सवयीवरून, नुसत्या संशयावरून ‘सराईत’ ठरवण्याच्या व्याख्या तशाच राहून गेल्या होत्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. राज्याच्या सराईत गुन्हेगार कायद्यात जी व्याख्या आहे, तीच तुरुंगात वापरायची, असा आदेश न्यायालयाने दिला.