आवडलं नाही तरी मानधन तेवढंच

समजा, साताऱ्याकडचा एक छोटा ब्रँड घरगुती कांदा-लसूण मसाला विकतो. रोजचा स्वयंपाक दाखवणाऱ्या एका ताईंकडून त्यांना रिव्ह्यू हवा आहे. अनेक नवे व्यावसायिक अशा वेळी ‘मॅडम, कोलॅब कराल का?’ एवढंच लिहून पाठवतात. काम किती, पैसे किती, ते कधी मिळणार, यातलं काहीच कळत नसल्यामुळे असा मेल तसाच पडून राहतो.

नीट लिहिलेल्या मेलच्या विषयातच ‘सशुल्क रिव्ह्यू : कांदा-लसूण मसाला, एक रील’ असं असतं. पुढे मजकूर असा : ‘ताई, तुमचा झुणक्याचा व्हिडिओ पाहिला. अडीचशे ग्रॅमचं पाकीट पाठवतो. दोन आठवडे वापरून ६० सेकंदांचं एक रील करावं. मानधन १२,००० रुपये. निम्मे तुमचा होकार आल्यावर, उरलेले रील टाकल्यापासून सात दिवसांत.’

खरी कसोटी यानंतरच्या अटीची आहे. मसाला ताईंना खारट लागला तर? मेलमध्ये काहीच ठरलं नसेल तर ब्रँड ‘तेवढं वाक्य काढा’ म्हणतो, ताई नकार देतात आणि उरलेले सहा हजार अडकतात. म्हणून आधीच लिहावं : ‘मसाला आवडला नाही तर तसं जरूर सांगा, मानधन तेवढंच राहील. टाकण्याआधी रील दाखवा. किंमत, वजन किंवा घटक चुकले असतील तर तेवढंच आम्ही सांगू.’ हे लिहायला छोट्या ब्रँडचा हात कचरतो. पण पैसे ताईंच्या वेळेचे आणि मेहनतीचे आहेत. मत विकत घेतलं, तर तो रिव्ह्यू उरत नाही.

हे पैसे प्रेक्षकांपासून लपवताही येत नाहीत. जाहिरात मानक परिषद अर्थात ‘आस्की’ने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियमावली आणली. पैसे न देता नुसती वस्तू फुकट दिली, तरी ती जाहिरातच धरली जाते. पंधरा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत ही सूचना एकतृतीयांश वेळ दिसावी लागते. म्हणजे ताईंच्या रीलमध्ये वीस सेकंद. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३मध्ये अशाच सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘जाहिरात’ ही पट्टी कोण, कुठे लावणार, हे मेलमध्येच ठरलेलं बरं.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती वापराची अट. रील चाललं की ब्रँड ते पैसे भरून जाहिरात म्हणून फिरवतो, कधी त्यातला ताईंचा फोटो पाकिटावरही छापतो. पण बारा हजारांत ठरलं होतं ते ताईंच्या खात्यावरचं एक रील. म्हणून मेलमध्ये एक ओळ आणखी हवी : ‘रील आमच्या खात्यावर ३० दिवस जाहिरात म्हणून चालवायचं असल्यास वेगळे ३,००० रुपये, पाकिटावर फोटो वापरणार नाही.’