हरण्या लिंबाखाली का थांबतो?

माणदेशातल्या एका वस्तीवर हरण्या नावाचा खिल्लार बैल आहे. वय अठराच्या पुढे. समोरचे दात झिजून खुंट झालेत, वशिंड एका बाजूला कललंय, डोळ्यांभोवतीची कातडी सैल पडलीय. आता त्याला जुंपत नाहीत. सकाळी म्हाताऱ्या आबांचा नातू त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर सोडतो आणि दिवस कलला की परत आणतो. येताना ओढ्याच्या पुलाजवळ कडुलिंबाचं एक जुनं झाड लागतं. हरण्या तिथे थांबतो. रोज, नेमक्या त्याच जागी. कासरा ओढला तरी हलत नाही. चार-पाच मिनिटं जातात, मग आपणहून चालायला लागतो.

गावात याचं उत्तर ठरलेलं आहे. हरण्याचा जोडीदार पाखऱ्या चार वर्षांपूर्वी गेला. दोघं याच वाटेने गाडी ओढायचे, म्हणून तो जोडीदाराची वाट बघत उभा राहतो, असं लोक सांगतात. त्यांना पुरावाही मिळालाय. हरण्या उभा राहतो तो झाडापासून हातभर अंतर सोडून, रस्त्याच्या उजव्या अंगाला, आणि त्याच्या डावीकडे बरोबर एका बैलाची जागा मोकळी राहते.

नातवाला ही गोष्ट पटत नव्हती. "आबा, ह्यो मुद्दाम अडतोय," म्हणत त्याने एकदा वेसणीला जोराचा हिसका दिला. नाकपुडीतून रक्त आलं. आबांनी त्याच्या हातातून कासरा काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हातारा बैल वाटेत थांबतो तेव्हा आधी दुखणं बघायचं, आठवणी नंतर, हा आबांचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण बैल तोंडाने सांगत नाही आणि दुखणं असलं की तोही असाच थांबतो.

डॉक्टरांनी त्याला आधी डांबरी रस्त्यावर चालवून पाहिलं. कठीण जमिनीवर लंगड लवकर कळते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं. हरण्याचं डोकं एका लयीत हलत होतं. मग एकेक खुर उचलून दोन नख्यांमधली फट अंगठ्याने दाबून पाहिली. खुर गरम नव्हतं, बैलाने पाय झटकला नाही. जू बसतं ती खांद्याची जागा चाचपली. जुन्या बैलांना तिथे आवाळू येतं, कधी ते आत पिकतं. हरण्याचं कातडं तिथे जाड आणि केस उडालेलं होतं, पण सूज नव्हती.

पुढची तपासणी नातवाने डोळे विस्फारून पाहिली. डॉक्टरांनी वशिंडामागची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून जोरात दाबली. निरोगी जनावर अशा वेळी पाठ खाली वाकवतं. पण चाऱ्यातून तार किंवा खिळा पोटात गेला असेल तर पाठ वाकवताना कळ येते, म्हणून ते पाठ ताठ ठेवतं आणि कण्हतं. ही तार जाळीपोटातून पुढे सरकत हृदयापर्यंत पोचते. मग गळ्याच्या पोळीला सूज येते, मानेची शीर फुगते, कोपरं बाहेर काढून जनावर उभं राहतं आणि उतारावर पाऊल टाकायला नकार देतं. अशा बैलाला हट्टी समजून मारल्याचे प्रकार होतात, ही मोठी वाईट गोष्ट आहे. हरण्याने पाठ व्यवस्थित वाकवली. शेपटीच्या मुळाखालच्या नाडीचे ठोके मिनिटाला साठच्या आसपास लागले. डाव्या भकाळीवर मूठ ठेवली तर दोन मिनिटांत तीनदा पोट हललं. बैल वयाच्या मानाने ठणठणीत होता.

मग डॉक्टरांनी आबांना विचारलं, "तुम्ही गाडी इथं थांबवत होता का?"

या प्रश्नाने सगळं उलगडलं. वस्तीवर नळ येण्याआधी ओढ्याकाठच्या विहिरीतून पाणी आणावं लागायचं. आबांच्या टायरगाडीत दोनशे लिटरचे पाच लोखंडी बॅरल बसायचे. दुपारी ऊन उतरलं की गाडी रिकामी जायची आणि दिवस मावळताना भरून यायची. ओढा ओलांडला की वस्तीकडे चढ होता, मुरमाचा. लिंब उभा होता तो बरोबर चढाच्या पायथ्याशी.

इथे थोडा हिशेब करावा लागेल. एक हजार लिटर पाणी म्हणजे एक हजार किलो. गाडी आणि बॅरल मिळून आणखी चारशे किलो धरू. सपाट मुरमाच्या रस्त्यावर एवढं वजन हलतं ठेवायला साधारण साठ किलोची ओढ लागते. दोन्ही बैल चारशे-चारशे किलोचे होते. बैल बराच वेळ न दमता आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं ओढू शकतो, म्हणजे जोडी मिळून ऐंशी किलो. सपाटीवर काम निभत होतं. पण वीस पावलांत एक पाऊल उंच जाणारा चढ लागला की एकूण वजनाच्या विसाव्या हिश्शाची जादा ओढ लागते, म्हणजे आणखी सत्तर किलो. सगळे मिळून एकशेतीस. बैल हे करू शकतात. थोड्या अंतरापुरता जोर ते याहूनही जास्त लावतात, पण त्याआधी दम खाल्लेला असावा लागतो. दम न खाता चढाला लावलेली जोडी मध्येच अडकली तर गाडी मागे घसरते आणि जू मानेवर चढतं.

म्हणून आबा लिंबाखाली गाडी उभी करायचे, चाकामागे धोंडा लावायचे आणि बॅरलमधून बादली भरून दोघांना पाणी दाखवायचे. आधी डावीकडच्या पाखऱ्याला, मग हरण्याला. कुशीची धाप बसली की "च्यल" म्हणायचं. बारा-तेरा वर्षं, पावसाळ्यातले थोडे महिने सोडले तर, रोज.

आता हरण्याच्या बाजूने पाहू. त्याच्या दृष्टीने संध्याकाळी, भरल्या गाडीनिशी, या झाडाजवळ आलं की खांद्यावरचा ताण सुटतो आणि पाणी मिळतं. गुरांची जागेची आठवण पक्की असते. चारा कुठे मिळाला आणि पाणी कुठे आहे, हे ती टिपून ठेवतात. वेळही ओळखतात, धारेच्या वेळी गाय आपणहून गोठ्याच्या दाराशी येते, हे गुरं पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जागा, वेळ आणि सुख या तिन्ही गोष्टी इतकी वर्षं एकत्र आल्या तर ती सवय काही वर्षं पाणी मिळालं नाही तरी मोडत नाही.

डावीकडची मोकळी जागाही याच सवयीतली. जोडीतला बैल लहानपणीच एका बाजूला वळवलेला असतो. उजवीकडचा डावीकडे जुंपला तर तो बावरतो, वळण चुकतो, जोडीदाराला ढकलतो. हरण्या आयुष्यभर उजवीकडे चालला, त्यामुळे एकटा असतानाही तो रस्त्याच्या उजव्या अंगानेच जातो, मग ते झाड असो की माळ. पाखऱ्याची आठवण त्याला येत असेलही. जोडीदार गेल्यावर बैल काही दिवस खात नाहीत, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यावर हसण्याचं कारण नाही. पण ती मोकळी जागा त्याचा पुरावा ठरत नाही.

डॉक्टरांनी सुचवलं म्हणून नातवाने मग वेगवेगळ्या प्रकारे पाहिलं. भर दुपारी त्याच वाटेने आणलं तर हरण्याची चाल झाडाजवळ मंदावली, पण तो थांबला नाही. संध्याकाळी वस्तीकडून ओढ्याकडे, उलट्या दिशेने नेलं तर त्याने झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी बांधावरच्या दुसऱ्या वाटेने आणलं तर कुठेच न थांबता घरी आला. माळावरच पोटभर पाणी पाजून आणलं, तरी लिंबाखाली मात्र थांबला. म्हणजे तहान हे कारण नव्हतं. वस्तीकडे येण्याची दिशा, दिवस मावळायची वेळ आणि ते झाड, हे तिन्ही जुळलं की पाय थांबत होते. गंमत म्हणजे तो चढ आता उरलेलाच नाही. पूल बांधला तेव्हा भराव घालून रस्ता सपाट झाला. नव्या माणसाला तिथे थांबण्याचं कोणतंच कारण दिसत नाही, त्यामुळे बैलाला हट्टी ठरवणं सोपं जातं.

विश्रांती ही बैलाची चैन नाही, हे कायद्यानेही मान्य केलंय. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्रीय नियम आहेत. त्यांच्यानुसार बैलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांवर जातो त्या भागात दुपारी बारा ते तीन त्याला जुंपता येत नाही. आबांना हे नियम माहीत नव्हते. त्यांनी चढ आणि बैलाची कूस पाहून थांबा ठरवला होता.

सवयीचं थांबणं आणि दुखण्याचं थांबणं यांतला फरक गेल्या पावसाळ्यानंतर नातवाला स्वतःलाच ओळखता आला. हरण्या एका संध्याकाळी झाडाच्या बराच अलीकडे थांबला. दुसऱ्या दिवशी त्याहून अलीकडे, आणि तेही सकाळी जाताना. सवय अशी सरकत नाही. ती एकाच जागी, एकाच वेळी येते आणि तेवढी मिनिटं झाली की सुटते. त्या वेळात बैल चारही पायांवर सारखा भार देतो, कान सैल सोडतो, रवंथही करतो. हरण्या मात्र मागचा डावा पाय टेकवून टेकवून उचलत होता आणि रवंथ थांबलं होतं. नातवाने पाय बांधून खुर पाहिलं तर नख्यांच्या फटीत बाभळीचा काटा मोडून बसलेला. तो काढला, जखम धुऊन औषध लावलं आणि आठवडाभर बैलाला कोरड्यात बांधून ठेवलं.

आता नातू संध्याकाळी निघताना मोटारसायकलवरून अर्धी बादली पाणी लिंबाखाली ठेवून येतो. डॉक्टर म्हणाले, हे चांगलंच आहे. दात झिजलेला बैल कडबा नीट चावू शकत नाही, त्याला भिजवलेली कुट्टी द्यावी लागते आणि पाणी कमी पडलं तर पोट घट्ट होतं. थंडीत असे म्हातारे बैल गोठ्यातल्या गार पाण्याला तोंड लावत नाहीत. दिवसभर उन्हात राहिलेलं कोमट पाणी हरण्या लिंबाखाली एका दमात संपवतो, म्हणून थंडीच्या महिन्यांत नातू बादली पूर्ण भरतो.